कांडी टेकवली नाही, तरी विद्युतदर्शी धन प्रभारित झाला कसा?

प्रवर्तनाने, म्हणजे प्रभारित वस्तू न टेकवता नुसती जवळ आणून, प्रभारित करण्याच्या आकृत्या विद्यार्थी चार चौकटींत पाठ करतात. कांडी जवळ, बोट चकतीवर, बोट दूर, कांडी दूर. शेवटच्या चौकटीत विद्युतदर्शीवर, म्हणजे वर धातूची चकती आणि खाली दोन पातळ पाने असलेल्या प्रभार ओळखण्याच्या उपकरणावर, धन चिन्हे काढायची असतात आणि बहुतेक जण ती काढतातही. पण ‘हा धन प्रभार आला कुठून?’ असा उपप्रश्न आला की गडबड होते. कोणी लिहितो कांडीतून, कोणी बोटातून, कोणी थेट जमिनीतून. तिन्ही उत्तरे चूक आहेत, कारण तो कुठूनच आलेला नाही. तो आधीपासून तिथेच होता. झाले एवढेच, की त्याला झाकून ठेवणारे काही इलेक्ट्रॉन निघून गेले.

घर्षण, स्पर्श आणि प्रवर्तन या तिन्ही पद्धतींत इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले एवढाच माग काढला, तर पाठांतराची गरज जवळजवळ उरत नाही.

सरकतात ते इलेक्ट्रॉनच

अणूच्या मध्यभागी धन प्रभार असतो आणि भोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन. दोन्हींचे मोजमाप सारखे असले की वस्तू उदासीन. उदासीन म्हणजे प्रभार नसलेली नव्हे, तर दोन्ही प्रभार समसमान असलेली. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

घन पदार्थात अणूचे केंद्र जागचे हलत नाही. त्यामुळे वस्तू ‘धन प्रभारित झाली’ याचा अर्थ तिने इलेक्ट्रॉन गमावले, आणि ‘ऋण प्रभारित झाली’ याचा अर्थ तिला जास्तीचे मिळाले. धातूंत काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून धातू वाहक. काच, रबर, लाख यांत ते आपापल्या जागी बांधलेले असतात, म्हणून ते विसंवाहक. उत्तरात ‘धन प्रभार कांडीतून चकतीत गेला’ असे वाक्य आले की गुण तिथेच कमी होतात. निकाल बरोबर असला तरी कारण उलटे लिहिलेले असते.

घासल्याने प्रभार तयार होतो का?

नाही. तो वाटला जातो. काचेची कांडी रेशमी कापडाने घासली की काचेच्या पृष्ठभागावरचे थोडे इलेक्ट्रॉन रेशमाकडे जातात. काच धन होते, रेशीम तेवढेच ऋण. एबोनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची कांडी लोकरीने घासली तर उलट घडते: लोकर इलेक्ट्रॉन देते, एबोनाइट घेते. दोन्ही जोड्यांत एकूण बेरीज आधीही शून्य होती, नंतरही शून्यच.

खरे तर घासणे ही मुख्य गोष्ट नाहीच. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून टेकले की इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, कारण प्रत्येक पदार्थ आपले इलेक्ट्रॉन कमी-जास्त घट्ट धरून असतो. पण दोन खडबडीत पृष्ठभाग नुसते टेकवले तर ते मोजक्याच ठिपक्यांवर खरोखर भिडतात. घासल्याने भिडणाऱ्या जागा वाढतात, इतकाच घर्षणाचा वाटा.

‘मग धातूची कांडी घासली तर प्रभारित का होत नाही?’ होते, पण हातात धरल्यामुळे तिचा प्रभार शरीरातून लगेच जमिनीत जातो. त्याच कांडीला प्लॅस्टिकची किंवा काचेची कोरडी मूठ बसवून घासा, मग प्रभार टिकतो. घर्षणाने फक्त विसंवाहकच प्रभारित होतात हे विधान म्हणूनच अर्धवट आहे. विसंवाहकावर प्रभार जिथे आला तिथेच बसून राहतो, त्यामुळे प्रयोगाला ते सोयीचे पडतात.

स्पर्शाने प्रभार देणे

ही सर्वांत सरळ पद्धत. प्रभारित वाहक उदासीन वाहकाला टेकवला की प्रभार दोघांत वाटला जातो आणि दुसऱ्याला पहिल्यासारखाच प्रभार मिळतो. दोन अगदी सारखे धातूचे गोळे असतील आणि एकावर ८ नॅनोकूलोम प्रभार असेल, तर टेकवून वेगळे केल्यावर दोघांवर ४-४ उरतो. (नॅनोकूलोम म्हणजे एका कूलोमचा शंभर कोटीवा भाग.) गोळे लहान-मोठे असतील तर मोठ्याकडे जास्त जातो.

धन गोळा उदासीन गोळ्याला टेकवला तर इलेक्ट्रॉन उदासीन गोळ्याकडून धन गोळ्याकडे जातात, म्हणजे आपल्याला वाटते त्याच्या उलट दिशेने. आकृतीत बाण काढताना इथेच फसगत होते.

घासलेली एबोनाइटची कांडी विद्युतदर्शीच्या चकतीला नुसती टेकवली तर फार थोडा प्रभार उतरतो. कांडी विसंवाहक आहे. जिथे स्पर्श झाला तेवढ्याच ठिपक्यावरचे इलेक्ट्रॉन जातात, बाकीचे जागच्या जागी राहतात. म्हणून कांडी चकतीच्या कडेवर ओढत, किंचित फिरवत न्यावी लागते.

विद्युतदर्शीच्या आत काय असते?

वर धातूची चकती, तिला जोडलेला पितळेचा किंवा तांब्याचा दांडा, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला सोन्याची दोन पातळ पाने, शेजारी शेजारी लोंबणारी. दांडा काचेच्या बरणीच्या तोंडात विसंवाहक बुचातून बसवलेला असतो. बरणीचे काम वाऱ्याची झुळूक अडवणे. बुचाचे काम दांड्यावरचा प्रभार बरणीत आणि तिथून टेबलावर जाऊ न देणे. पुष्कळ उपकरणांत बरणीच्या आतल्या बाजूला, पानांच्या समोर, जमिनीशी जोडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतात. प्रभार वाजवीपेक्षा जास्त झाला तर पाने त्या पट्ट्यांना टेकतात, प्रभार निघून जातो आणि पाने फाटण्यापासून वाचतात. इंग्लंडमधले पाद्री एब्राहम बेनेट यांनी हे उपकरण १७८७ च्या सुमारास लोकांपुढे मांडले.

सोनेच का? कारण ते ठोकून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके पातळ करता येते आणि इतके पातळ झाल्यावरही गंजत नाही. ४ सेंटिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद असे एक पान धरले, तर त्याचे वजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास भरते. अशी दोन पाने एकमेकांपासून साधारण ३० अंशांनी फाकायला किती प्रभार लागेल? स्थूल हिशेब केला तर प्रत्येक पानावर एका कूलोमचा हजार कोटीवा भाग, म्हणजे साठेक कोटी इलेक्ट्रॉनांची वाढ किंवा घट पुरते. साठ कोटी हा आकडा मोठा वाटतो खरा. पण त्याच पानात सोन्याच्या प्रत्येक अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन धरला, तर दर सव्वादोनशे कोटी मोकळ्या इलेक्ट्रॉनांमागे फक्त एक इकडचा तिकडे झालेला असतो. इतक्या नगण्य असमतोलाला पाने डोळ्यांना दिसेल इतका प्रतिसाद देतात, म्हणून हे उपकरण इतके संवेदनशील.

पाने फाकण्याचे कारण एका वाक्याचे आहे: दोन्ही पाने एकाच दांड्याला जोडलेली असल्याने त्यांवर नेहमी सारखाच प्रभार येतो आणि सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात. किती फाकायचे हे पानांचे वजन आणि प्रतिकर्षण यांच्या रस्सीखेचीवर ठरते.

पाने फाकली म्हणजे विद्युतदर्शी प्रभारित झाला ना?

इथे जरा थांबायला हवे, कारण बहुतेक गोंधळ या एका समजुतीतून निघतो. पाने फाकली याचा अर्थ पानांवर प्रभार आहे. संपूर्ण विद्युतदर्शीवर तो आहेच असे नाही.

उदासीन विद्युतदर्शीच्या चकतीजवळ घासलेली एबोनाइटची कांडी न टेकवता आणा. कांडी ऋण आहे. ती चकतीतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना दूर ढकलते आणि ते दांड्यातून खाली पानांत उतरतात. चकती धन झाली, पाने ऋण झाली, आणि पाने फाकली. बाहेरून एकही इलेक्ट्रॉन आत आलेला नाही किंवा आतला बाहेर गेलेला नाही. कांडी दूर करा, इलेक्ट्रॉन आपापल्या जागी परततात आणि पाने मिटतात. दोन प्रभारांच्या या तात्पुरत्या फारकतीलाच प्रवर्तन म्हणतात.

काचेची धन कांडी आणली तरी पाने फाकतातच, फक्त या वेळी इलेक्ट्रॉन वर चकतीकडे ओढले जातात आणि पाने धन होतात. म्हणजे उदासीन विद्युतदर्शी ‘इथे प्रभारित वस्तू आहे’ एवढेच सांगतो. प्रभार धन की ऋण हे त्याला सांगता येत नाही.

प्रवर्तनाने कायमचा प्रभार: क्रम का महत्त्वाचा?

ऋण कांडी चकतीजवळ धरलेली आहे, पाने ऋण प्रभाराने फाकलेली आहेत. आता कांडी न हलवता चकतीला बोट लावा. पाने मिटतात. बोट, शरीर आणि जमीन मिळून इलेक्ट्रॉनांना पळायला आणखी मोठी जागा मिळाली, त्यामुळे खाली कोंडलेले इलेक्ट्रॉन त्या वाटेने निघून गेले. याला भूसंपर्क म्हणतात. चकतीचा धन प्रभार मात्र कमी होत नाही, समोरची ऋण कांडी त्याला तिथेच खिळवून ठेवते.

आता बोट काढा. कांडी अजून तिथेच आहे. पाने मिटलेलीच राहतात, काहीच घडले नाही असे दिसते. शेवटी कांडी दूर न्या. चकतीवर अडकलेली इलेक्ट्रॉनांची उणीव आता चकती, दांडा आणि पाने यांत पसरते. पाने पुन्हा फाकतात आणि फाकलेलीच राहतात. या वेळी प्रभार धन आहे, कांडीच्या विरुद्ध.

एका दालनात माणसे बसली आहेत असे समजा. एका टोकाच्या खिडकीबाहेर गुरगुरणारा कुत्रा आणून बांधला की माणसे दुसऱ्या टोकाला गर्दी करतात. दार उघडले तर काही जण बाहेर जातील. मग आधी दार लावा आणि नंतर कुत्रा न्या. उरलेली माणसे दालनभर पसरतील, पण काही खुर्च्या रिकाम्या राहतील. त्या रिकाम्या खुर्च्या म्हणजे धन प्रभार. उलट दार उघडे असतानाच कुत्रा नेला तर बाहेर गेलेले सगळे परत येऊन बसतील.

प्रयोगातही अगदी हेच घडते. बोट चकतीवर असतानाच कांडी दूर केली तर जमिनीतून इलेक्ट्रॉन परत येतात, विद्युतदर्शी उदासीन होतो आणि पाने मिटलेली राहतात. प्रयोग केला आणि शेवटी पाने फाकलीच नाहीत, तर पहिला संशय याच चुकीवर घ्यावा. दुसरी चूक कांडी चुकून चकतीला घासली जाण्याची. तेव्हा पाने फाकलेली दिसतात, पण प्रभार ऋण असू शकतो, म्हणजे स्पर्शाने आलेला.

बोट तर धन टोकाला लागले, मग इलेक्ट्रॉन आत यायला हवेत ना?

ही शंका चांगली आहे आणि बहुतेक पुस्तके तिला बगल देतात. चकती धन आहे, तिथे बोट लावले तर जमिनीतून इलेक्ट्रॉन येऊन तिला उदासीन का करत नाहीत?

कारण चकतीवरचा धन प्रभार एकटा नाही. त्याच्या समोरच ऋण कांडी आहे आणि तिचे ढकलणे त्या प्रभाराच्या ओढीवर मात करते. चकती, दांडा, पाने, बोट आणि जमीन मिळून आता एकच लांबलचक वाहक झाला आहे. या वाहकात कांडीपासून सर्वांत दूरची जागा म्हणजे जमीन. इलेक्ट्रॉन तिकडेच जाणार. याची खात्री करायची असेल तर चकतीऐवजी दांड्याच्या उघड्या भागाला बोट लावून पाहा. निकाल तोच येतो, शेवटी पाने धन प्रभारानेच फाकतात. वाहकाला भूसंपर्क कुठे जोडला याने फरक पडत नाही, कांडी धन की ऋण याने पडतो.

दुसरी शंका ऊर्जेची. या पद्धतीत कांडीचा प्रभार मुळीच खर्च होत नाही आणि एकाच कांडीने एकामागून एक कितीतरी वस्तू प्रभारित करता येतात. मग ऊर्जा कुठून येते? हातातून. शेवटी ऋण कांडी दूर नेताना ती धन चकतीकडे ओढली जात असते. त्या ओढीविरुद्ध हाताने केलेले कार्य प्रभाराच्या ऊर्जेत साठते. ओढ इतकी बारीक असते की हाताला जाणवत नाही.

धन की ऋण: खात्री कशी करायची?

आता आपल्याकडे धन प्रभारित विद्युतदर्शी आहे आणि एक अनोळखी कांडी. ती चकतीकडे वरून सावकाश आणायची आणि पानांवर डोळा ठेवायचा.

पाने आणखी फाकली तर कांडी धन. तिने पानांतले काही इलेक्ट्रॉन वर ओढले, पाने जास्त धन झाली. पाने जवळ आली तर कांडी ऋण असेल. असेलच असे नाही, आणि प्रश्नाचा सगळा कस इथे आहे. कसलाही प्रभार नसलेला हात चकतीजवळ नेला तरी पाने थोडी मिटतात. धन चकतीमुळे हाताच्या जवळच्या बाजूला ऋण प्रभार प्रवर्तित होतो आणि तो पानांतला धन प्रभार थोडा वर ओढून घेतो, म्हणजे चकतीतले इलेक्ट्रॉन खाली ढकलतो. म्हणून पाने मिटणे हा पुरावा नाही. पाने जास्त फाकणे हाच पुरावा. पाने मिटताना दिसली तर विद्युतदर्शी आता ऋण प्रभारित करून तीच कांडी पुन्हा आणायची. तेव्हाही पाने मिटली तर कांडी उदासीन, फाकली तर ऋण.

कागदाच्या कपट्यांचेही असेच आहे. कांडीने कपटे ओढले म्हणून दोन्ही प्रभारित ठरत नाहीत, कारण प्रभारित वस्तू उदासीन वस्तूलाही ओढते. खात्री फक्त प्रतिकर्षणाची असते.

‘सावकाश’ हा शब्द वर उगाच लिहिलेला नाही. ऋण कांडी चांगली घासलेली असेल आणि ती झटकन अगदी जवळ आणली, तर पाने आधी मिटतात आणि लगेच पुन्हा फाकतात. कारण खाली ढकललेले इलेक्ट्रॉन पानांतला धन प्रभार पुसून वर शिल्लक राहतात आणि पाने ऋण होतात. ज्याने फक्त शेवट पाहिला तो कांडी धन आहे असे लिहून मोकळा होतो. म्हणून पानांची पहिली हालचाल बघायची.

परीक्षेच्या उत्तरात एवढे पुरते: “धन प्रभारित विद्युतदर्शीच्या चकतीजवळ दिलेली वस्तू हळूहळू आणावी. पानांमधील अंतर वाढल्यास वस्तू धन प्रभारित आहे. अंतर कमी झाल्यास वस्तू ऋण प्रभारित किंवा उदासीन असू शकते. म्हणून ऋण प्रभारित विद्युतदर्शी घेऊन कृती पुन्हा करावी. आता अंतर वाढल्यास वस्तू ऋण प्रभारित आहे.” आकृतीत चकती आणि पाने यांवरची चिन्हे वेगवेगळी दाखवा, आणि कांडी व चकती यांत मोकळी जागा ठळक ठेवा. ती जागा दिसली नाही तर तपासणाऱ्याला ती स्पर्शाची आकृती वाटते.

सगळे नीट केले, तरी पाने आपोआप का मिटतात?

बहुतेक वेळा दोष बुचाचा असतो. दमट हवेत त्याच्यावर पाण्याचा अदृश्य थर बसतो, बोटांचा तेलकटपणा त्यात भर घालतो, आणि विसंवाहक बूच पृष्ठभागापुरते वाहक बनते. बूच आणि कांडी कोरड्या गरम हवेने वाळवून घेतली की फरक लगेच दिसतो. घासलेली कांडी ज्योतीवरून भर्रकन फिरवली तर तिचाही प्रभार जातो, कारण ज्योतीतल्या प्रभारित कणांमुळे हवा तेवढ्यापुरती वाहक होते.

बूच कितीही कोरडे असले तरी पाने सावकाश मिटतातच, कारण हवेतही थोडे प्रभारित कण सतत तयार होत असतात. पानांवर धन प्रभार असेल तर हवेतले ऋण कण येऊन तो पुसतात, ऋण असेल तर धन कण. क्ष-किरण किंवा किरणोत्सारी पदार्थ जवळ असले तर पाने झपाट्याने मिटतात, म्हणून सुरुवातीच्या काळात किरणोत्सार मोजायला विद्युतदर्शी वापरत. पण जवळपास असे काही नसतानाही गळती का होते? १९१२ मध्ये ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी याच तत्त्वावरची, पानांऐवजी बारीक धागे असलेली उपकरणे बलूनमधून सुमारे ५ किलोमीटर उंचीपर्यंत नेली. गळतीचे कारण जमिनीतला किरणोत्सार असता तर वर जाताना ती घटत जायला हवी होती. ती आधी थोडी घटली आणि मग वाढतच गेली. हवेला वाहक बनवणारे काहीतरी वरूनही येत होते. त्यालाच आज वैश्विक किरण म्हणतात, आणि त्यांच्या शोधासाठी हेस यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.